शाळा एका दिवसात सुटत नाही

पाचवी आणि आठवीचे निकाल लागले की आपल्याकडे एकच वाद दरवर्षी नव्याने पेटतो: मुलांना नापास करावे की करू नये? एक बाजू म्हणते, ढकलगाडीने पिढ्या वाया घालवल्या, परीक्षेचा धाक परत आणा. दुसरी म्हणते, नापासाचा शिक्का कोवळ्या मनावर आयुष्यभर राहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि तीही न जमल्यास पुन्हा त्याच वर्गात. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठीही तेच केले. तेव्हापासून दोन्ही बाजू एकमेकींवर ओरडत आहेत, आणि ज्या मुलांच्या नावाने हे चालले आहे ती मुले या वादात कुठेच दिसत नाहीत. माझे म्हणणे सरळ आहे. शाळा सोडणारे मूल आठवीत शाळा सोडत नाही. ते पहिली-दुसरीपासून थोडे थोडे सुटत असते. त्याचा पुरावा गुणपत्रिकेत शोधून सापडत नाही, तो हजेरीपटात असतो. तो वेळेवर वाचायचा नाही आणि आठवीत मात्र नापास करायचे, हे अर्ध्या वाटेवर असलेल्या मुलाला मागून ढकलण्यासारखे आहे. म्हणून आठवीत मागे ठेवण्याची तरतूद काढून टाकावी आणि तिच्यावर खर्च होणारी ताकद पहिल्या चार वर्षांच्या हजेरीवर लावावी, असे मला वाटते.

हे मी केवळ कळवळ्याने म्हणत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९८२ साली कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एंटविसल या समाजशास्त्रज्ञांनी एक काम हाती घेतले. शहरातल्या २० सरकारी शाळांमधून पहिलीत नुकतीच आलेली ७९० मुले त्यांनी निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा माग काढला. नेहमीची पद्धत याच्या उलटी असते. शाळा सोडलेल्या मुलाला गाठून विचारतात, ‘का सोडलीस?’ त्यावर मूल शेवटचे कारण सांगते: काम लागले, घरी कोणी आजारी पडले, सरांनी मारले, आवडत नव्हते. बाल्टिमोरच्या अभ्यासात कोण सोडणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. सगळ्यांच्या नोंदी पहिलीपासून होत होत्या. कोण किती दिवस आले, बाईंना ते वर्गात लक्ष देणारे वाटले का, पहिल्या चाचणीत काय झाले, आईवडिलांना त्याच्याकडून काय अपेक्षा होती, घरात काय उलथापालथ झाली. पंधराएक वर्षांनी कोण टिकले आणि कोण गेले हे कळल्यावर त्यांनी जुन्या वह्या उघडल्या. पहिलीच्या नोंदींतच फरक दिसत होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाचा साधा अर्थ असा, की शाळा सुटणे ही घटना नाही, ती शाळेपासून हळूहळू तुटत जाण्याची लांबलचक प्रक्रिया आहे. आणि घरची परिस्थिती सारखी असलेल्या मुलांमध्येही शाळेतल्या पहिल्या अनुभवांमुळे वाटा वेगळ्या होतात. घराचे वजन त्यांनी नाकारले नाही, ते फार मोठे आहे. पण घराने सगळे ठरवून टाकलेले नसते.

हे वाचले तेव्हा मला बाल्टिमोरपेक्षा बीड जिल्ह्यातली एक खोली आठवली. मी तिथे नऊ वर्षे शिक्षक होतो. गावाचे नाव लिहीत नाही, मुलाचेही नाही. तिसरीचा हजेरीपट डोळ्यांसमोर आहे. जून ते सप्टेंबर त्या मुलाच्या नावापुढे हजेरीच्या रेघा जवळजवळ सलग आहेत. दसऱ्यानंतर गावातल्या गाड्या निघाल्या आणि तिथून पुढे तांबड्या शाईची रांग लागली, ती थेट गुढीपाडव्यापर्यंत. आईबाप कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊसतोडीला. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली, ती फेडायची तर कारखान्याच्या तळावर जाणे भाग. म्हातारी माणसे घरी असली तर मूल मागे राहते. त्याच्या घरी आजी होती, पण तिला दिसत नव्हते. तळावर हा पोरगा काय करायचा? धाकट्या बहिणीला सांभाळायचा, कोपीत पाणी भरायचा, फडात वाढ्यांच्या पेंढ्या बांधायचा. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा वर्ग भागाकारावरून पुढे गेला होता. तो शहाणा होता. फळ्यावरचे गणित उतरवून घ्यायचा, पण हातचा कुठून आला हे त्याला कळत नसे आणि विचारायची लाज वाटे. तो चौथीत गेला, पाचवीत गेला. पाचवीत अपूर्णांक आले. ज्याला भागाकारच येत नाही त्याने अपूर्णांकाचे काय करायचे? सहावीत तो मागच्या बाकावर बसू लागला. सातवीत दिवाळीआधीच तळावर गेला. आठवीत आला तो फक्त नावापुरता, नववीत गेला तो फक्त पटावर. गावात सगळे म्हणाले, ‘आठवीत शाळा सोडली त्यानं.’ मला विचाराल तर त्याची शाळा तिसरीच्या त्या तांबड्या रांगेतच सुटली होती, आणि ती रांग मीच माझ्या हाताने भरली होती.

बाल्टिमोरच्याच मुलांवरून एंटविसल आणि अलेक्झांडर यांनी आणखी एक गोष्ट मांडली. तिच्यासाठी त्यांनी पाण्याच्या नळाची उपमा वापरली. शाळा चालू असते तेव्हा नळ सगळ्यांसाठी चालू असतो, आणि गरीब-श्रीमंत मुले जवळपास सारख्याच वेगाने शिकतात. उन्हाळ्याच्या लांब सुट्टीत नळ बंद होतो. तेव्हा ज्यांच्या घरी पुस्तके, सहली, बोलणारी शिकलेली माणसे आहेत त्यांची साठवण चालू राहते, बाकीच्यांची भांडी कोरडी पडतात. दर वर्षीची ही थोडी थोडी तूट साठत जाते. त्या चाचण्यांच्या मोजणीवर पुढे इतर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि सुट्टीतली तूट वाटली तेवढी मोठी नसावी असे काहींचे म्हणणे आहे. ते मान्य करूनही आपल्यासाठी प्रश्न उरतोच. तिथे वाद दोन-अडीच महिन्यांच्या सुट्टीचा आहे, आणि ती सुट्टी सगळ्या वर्गाला एकदम लागते. आपल्या ऊसतोड मजुराच्या मुलाचा नळ पाच-सहा महिने बंद असतो, तोही ऐन शिकवण्याच्या मोसमात, आणि परत आल्यावर वर्ग त्याच्यासाठी थांबलेला नसतो. अशा मुलाला आठवीत सांगायचे की तू नापास झालास? नापास कोण झाले हे ठरवण्याआधी नळ कोणी बंद केला हे विचारायला नको का?

आता नापास करा म्हणणाऱ्यांचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ, कारण ते खोटे नाही. काही न शिकवता मुलांना वर ढकलले गेले. पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’च्या देशव्यापी पाहण्यांनी वारंवार दाखवले आहे. कायद्यात सातत्यपूर्ण मूल्यमापन होते, पण अनेक शाळांत त्याचे तक्तेच भरले गेले. मूल कुठे अडले आहे हे रोज पाहून त्याला हात द्यायचा, हा त्यामागचा विचार कागदावर राहिला. आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकापुढे अक्षरओळख नसलेली मुले बसतात तेव्हा त्याची होणारी चिडचिड मी जवळून पाहिली आहे, अनुभवलीही आहे. परीक्षेमुळे पालक, शिक्षक आणि अधिकारी तिघेही थोडे जागे होतात, हेही खरे. परीक्षा नको असे मी मुळीच म्हणत नाही. परीक्षा हवी, दरवर्षी हवी, तिचा निकाल पालकाला स्पष्ट शब्दांत कळायला हवा. माझा आक्षेप परीक्षेनंतरच्या एका शिक्षेला आहे.

‘आमच्या वेळी नापास करायचे म्हणून तर आम्ही शिकलो’ हे वाक्य या वादात हमखास येते. ते बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण ही आठवण कोणाची आहे? १९२९ साली सर फिलिप हार्टोग यांच्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्राथमिक शिक्षणाचा हिशेब मांडला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ होती. समितीने याला दोन नावे दिली, जी आपल्या शिक्षणशास्त्रात आजही चालतात: मुलाने मध्येच शाळा सोडली तर ‘गळती’ आणि एकाच वर्गात एकाहून जास्त वर्षे राहिले तर ‘स्थगन’. त्या काळी पहिलीपासून नापास करायला कोणाची आडकाठी नव्हती. उरलेली ८२ मुले केवळ नापास झाल्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही. रोगराई होती, दारिद्र्य होते, एकशिक्षकी शाळा होत्या, आणि जात पाहून वर्गाबाहेर बसवणे होते. पण धाकाच्या त्या राज्यात चौथीपर्यंत पोचलेल्या १८ जणांचे नातू-पणतू आज लेख लिहितात आणि सांगतात की धाकाने माणसे घडली. ८२ जणांच्या घरात ती आठवण लिहायला कोणी उरले नाही. एखाद्या पद्धतीने माणसे घडवली की नाही हे तिच्यातून तरलेल्यांना विचारून कसे कळणार?

यावर एक जाणता वाचक मला लगेच अडवेल आणि त्याने अडवावे. नापास झालेली मुले जास्त प्रमाणात शाळा सोडतात, हे सगळेच अभ्यास सांगतात. बाल्टिमोरचाही सांगतो. पण नापास होणारी मुले मुळातच मागे पडलेली असतात. ती नापास न होताही गेली असती. मग दोष नापास करण्याला कसा लावायचा? दवाखान्यात जास्त माणसे मरतात म्हणून दवाखाना माणसे मारतो असे थोडेच म्हणता येईल? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधायला शिकागो शहराने नकळत मदत केली.

शिकागोने १९९६ साली नेमके आपण आता करतो आहोत तेच केले. तिसरी, सहावी आणि आठवीला परीक्षा. ठरावीक गुण न मिळाल्यास उन्हाळी वर्ग, त्यानंतर फेरपरीक्षा, आणि तीही न जमल्यास त्याच वर्गात. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सगळ्या नापास मुलांची सगळ्या पास मुलांशी तुलना केली नाही. त्यांनी रेषेच्या अगदी अलीकडची आणि अगदी पलीकडची मुले घेतली. समजा पास व्हायला ३५ गुण लागतात. ३४ मिळालेला मुलगा आणि ३५ मिळालेला मुलगा यांच्या हुशारीत, घरात, मेहनतीत काय फरक असतो? एखाद्या दिवशी ताप असणे, एखादा प्रश्न नजरेतून सुटणे, एवढाच. पण एक पुढे जातो, दुसरा मागे राहतो. म्हणजे पुढे या दोन गटांच्या वाटा वेगळ्या झाल्या तर त्याचे कारण मुलांच्या जातकुळीत नाही, त्या निर्णयात आहे. असे पाहिल्यावर काय दिसले? सहावीत मागे ठेवल्याने पुढे शाळा पूर्ण होण्यावर फारसा फरक पडला नाही. आठवीत मागे ठेवलेल्या कच्च्या मुलांमध्ये मात्र शाळा सोडण्याचे प्रमाण वाढले. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की तिसरीच्या मुलांना उन्हाळी वर्ग आणि जादाचे वर्ष यांचा शिकण्यात थोडा फायदा झाल्याचे त्यांच्याच आधीच्या अभ्यासात दिसले होते. म्हणजे मागे ठेवणे सरसकट विष आहे असे नाही. लहान वयात, मदतीसह, ते थोडे उपयोगी पडू शकते. पौगंडात ते दार दाखवते.

आणि आपण नेमकी आठवीच निवडली आहे. आठवीचे मूल १३-१४ वर्षांचे असते. शिक्षणाचा हक्क ज्या वयापर्यंत बांधील आहे त्याची कड इथेच येते. मागे राहिलेला मुलगा वर्गात सर्वांत उंच दिसतो, मिसरूड फुटलेली असते, शेजारी धाकट्या भावाच्या बरोबरीची पोरे. मुलगी असेल तर घरात आधीच कुजबुज चालू झालेली असते. ऊसतोडीच्या हिशेबात एकटा माणूस अर्धा कोयता, जोडपे झाले की पूर्ण कोयता आणि तशी उचल. त्या हिशेबाने कोवळ्या वयात लग्ने लागतात हे मराठवाड्यात कोणाला नवीन नाही. अशा घरात शाळेकडून ‘तुमची मुलगी नापास, आणखी एक वर्ष आठवीत’ असा निरोप जातो, तेव्हा तो ‘आणखी कसून शिकवा’ असा ऐकू येत नाही. बाप म्हणतो, ‘शाळेनंच सांगितलं, हिच्यात काही नाही.’ ज्या घराने तोवर शाळेचा शब्द मानून मुलीला थांबवून धरलेले असते, त्या घराच्या हातातले कारणच आपण काढून घेतो.

दुसऱ्या बाजूचे, म्हणजे माझ्या मित्रांचे, एक म्हणणे मला तितकेच अपुरे वाटते. ते म्हणतात, सगळे मूळ गरिबीत आहे. गरिबी असेपर्यंत शाळा काय करणार? हे ऐकायला सहृदय वाटते, पण याचा शेवट हात झटकण्यात होतो. १९९६ साली उत्तर भारतातल्या खेड्यांत ‘प्रोब’ नावाची एक मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल १९९९ मध्ये आला. गरीब पालकांना शिकण्याचे मोल नसते हा समज तिने पार खोडून काढला. मुलाला शिकवणे महत्त्वाचे आहे असे ९८ टक्के पालक म्हणाले, मुलीबाबत ८९ टक्के. शाळेत शिक्षक नसणे, शिकवणे न चालणे, मुलाचा अपमान होणे, यांनी ती इच्छा विझत होती. गरिबी घरात असते, पण मुलाला ती सहन करत वर्गात बसावेसे वाटते की नाही हे बरेचसे वर्गात ठरते.

आणि शाळेला गरिबीच्या चालीने चालता येते, हे महाराष्ट्राने कधीच करून दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये नेले. तिथली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरांमागे रानात असायची. त्या बायांनी गुराखी पोरांच्या आईबापांना दोष दिला नाही आणि पोरांना नापासही केले नाही. त्या शाळा घेऊन कुरणात गेल्या. गुरे चरत असायची आणि झाडाखाली वर्ग भरायचा. तिला कुरणशाळाच म्हणत. पुढे कारखान्यांच्या आवारात साखरशाळा आल्या त्या याच विचारातून. शिक्षण हक्क कायद्यानंतर साखरशाळा मागे पडल्या. मुलाला कारखान्याजवळच्या नियमित शाळेत बसवावे, नाहीतर गावातच हंगामी वसतिगृहात ठेवावे, असे धोरण आले. तत्त्व म्हणून ते योग्य होते, कारण साखरशाळा ही दुय्यम शाळा ठरण्याचा धोका होता. पण हंगामी वसतिगृह दिवाळीला सुरू व्हायच्या ऐवजी डिसेंबरात मंजूर झाले, तर तोवर मूल बैलगाडीत बसून निघून गेलेले असते. धोरण आहे म्हणून मूल थांबत नाही, ज्या आठवड्यात गाडी निघते त्या आठवड्यात जेवण शिजलेले असेल तर थांबते.

म्हणून मोजायचे काय हा खरा प्रश्न आहे. सरकारी व्याख्येत मूल सलग महिनाभराहून अधिक गैरहजर राहिले की शाळाबाह्य. ऐकायला ठीक वाटते. आता एक साधा हिशेब करू. पाचवीपर्यंतच्या शाळेत वर्षाला किमान २०० दिवस काम व्हावे असा कायदा आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर साधारण ३३ आठवडे. एखादी मुलगी बाजाराच्या दिवशी आणि आई मजुरीला जाते त्या दिवशी, असे आठवड्याला दोन दिवस घरी राहिली तर वर्षात ६६ दिवस बुडतात, म्हणजे एक तृतीयांश शाळा. सरकारच्या दृष्टीने ती एक दिवसही शाळाबाह्य नाही, कारण ती सलग तीन दिवससुद्धा गैरहजर नव्हती. ती आठवीत नापास होईल तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटेल. अमेरिकेतल्या अनेक शाळांत आता सलगतेचा विचार सोडून एकूण बुडालेले दिवस धरतात: दहा टक्के दिवस बुडाले की मुलाच्या घरी माणूस जातो. आपल्या २०० दिवसांत ते २० दिवस होतात. पहिल्या सत्रातच हा आकडा गाठणारी मुले कोणती, हे काढायला नवे ॲप लागत नाही, नवी परीक्षा लागत नाही. बाईंच्या टेबलावर पट असतो आणि प्रत्येक महिन्याखाली बेरीज केलेली असते. ती बेरीज आज फक्त वर पाठवण्यासाठी होते.

आपण मोजतो कसे, याचे एक उदाहरण मला अजून बोचते. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण झाले. घरोघर, रस्त्यांवर, स्टेशनांवर शिक्षक गेले, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. मेहनत खरी होती. पण जुलैमध्ये ऊसतोड कामगार कुठे असतो? आपल्या गावी, पेरणीच्या कामात. त्याचे मूल त्या दिवशी शाळेत बसलेले असते, पटावर हजर. त्याच मुलाला डिसेंबरात शोधायला गेले असते तर ते दीडशे-दोनशे किलोमीटरवर एखाद्या फडात सापडले असते. जी गोष्ट वर्षभर हळूहळू घडते तिला एका दिवसाच्या जाळ्यात धरायला गेले की नेमकी तीच मुले निसटतात, ज्यांच्यासाठी जाळे विणले.

या सगळ्यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. कोण मुले सुटण्याच्या वाटेवर आहेत याची यादी पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत तयार झाली, की ती यादीच शिक्का बनू शकते. ‘हा ऊसतोडवाल्याचा, हा तर जाणारच’ असे आपण आजही म्हणतोच. मग ते आकड्यांच्या आधाराने म्हणू. बाल्टिमोरची आकडेवारी शक्यता सांगते, नशीब सांगत नाही. पहिलीत सर्व खुणा वाईट असलेली पण पुढे टिकलेली मुले त्या ७९० मध्येही होती. म्हणून मला वाटते, यादीत मुलाच्या घरचा धंदा आणि जात यांचा रकाना असूच नये. फक्त बुडालेले दिवस, आणि वाचन-गणितात अडलेली जागा. या दोन्ही गोष्टी शाळेला बदलता येतात. बापाचा धंदा शाळेला बदलता येत नाही, मग तो लिहून काय मिळणार? आणि यादी वर पाठवायची नाही. वर गेलेल्या आकड्याचे पुढे काय होते ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: पुढच्या महिन्यात तो आपोआप सुधारतो. ती गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या टेबलावर राहावी, जिथे बसलेल्या चारपैकी दोघांना तरी ते घर माहीत असते.

एवढे म्हटल्यावरही कोणी विचारेल, की मग आज आठवीत बसलेल्या, वाचता न येणाऱ्या मुलाचे काय? त्याला नववीत पाठवा, पण रिकाम्या हाताने नको. रोज तासभर वेगळे बसवून चौथीचे गणित आणि वाचन घ्या, नववीच्या वर्गात त्याच्या बरोबरीच्या मुलांसोबत ठेवून. कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण हे शब्द पहिल्यापासून आहेत. त्यांतला पहिला भाग आपण पाळला, दुसरा सोडून दिला, आणि आता पहिलाच चुकीचा होता असे म्हणतो आहोत.

फेरपरीक्षेच्या वेळापत्रकाकडे पाहताना मला एकच गोष्ट दिसत राहते. वार्षिक परीक्षेत नापास झालेल्या मुलाची फेरपरीक्षा शाळा उघडताना जूनमध्ये होते आणि मागे राहायचे की पुढे जायचे हे त्याच सुमारास ठरते. त्याच्या थोडेच पुढे, आषाढ-श्रावणात, पेरणीला पैसे नसतात तेव्हा मुकादम वाड्यावस्त्यांवर फिरू लागतो. कोणाच्या घरी किती हात आहेत ते तो विचारतो आणि त्याप्रमाणे उचल देतो. ज्या मुलाचे मी वर लिहिले त्याच्या घरी तो असाच आला होता. त्या वर्षी नापास करण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे बापाकडे सांगायला एक गोष्ट शिल्लक होती: ‘पोरगं नववीला गेलंय, अजून दोन वर्षं बघू.’ मुकादम त्या दिवशी परत गेला. पुढच्या दसऱ्याला गाडी निघेपर्यंत आमच्या हातात तीन महिने होते, आणि त्या तीन महिन्यांत त्या घराची पायरी शाळेतून कोणीही चढले नाही.